उद्दिष्ट कुणी ठरवलं?

टेंगा खोऱ्यात पावसाळ्यात रस्ता खचला की टपाल, भाजी आणि सुट्टीवर निघालेली माणसं, सगळं एकाच ठिकाणी अडकून पडतं. मागच्या पावसाळ्यात एक तरुण मेजर असाच अडकला. सकाळी तेजपूरला जाणारी त्याची गाडी दुसऱ्या दिवसावर गेली. रात्री जेवण झाल्यावर तो माझ्या खोलीवर येऊन बसला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "सर, या सुट्टीत एक विषय संपवूनच येणार आहे."

विषय मुलाचा होता. लग्नाला पाच वर्षं झालेली, बायको बंगळुरूला नोकरी करते. याला मूल हवं आहे. ती आधी 'आत्ता नको' म्हणायची, हल्ली 'कदाचित नकोच' म्हणते. "मी सांगितलंय तिला, दिवाळीपर्यंत काय ते ठरव. नाहीतर आपले रस्ते वेगळे."

हे त्याने ज्या आवाजात सांगितलं तो आवाज माझ्या ओळखीचा होता. 2012 साली मी स्वतः त्याच आवाजात बोललो होतो. म्हणून त्या रात्री मी त्याला माझी गोष्ट सांगितली. इथे मी सहसा डोंगर, रस्ते आणि भेटलेली माणसं यांच्याबद्दल लिहितो. आज घरातलं लिहितो आहे. बायकोने आधी वाचलं आहे आणि दोन ठिकाणी दुरुस्तीही केली आहे.

आमचं लग्न 2008 सालचं. मी सातारा जिल्ह्यातला, ती सांगलीची. 2011 च्या हिवाळ्यात मी द्रासच्या बाजूला एका कंपनीबरोबर होतो. वय तीस. ती पुण्यात वनस्पतिशास्त्रात पीएचडी करत होती. तिचा विषय सह्याद्रीच्या सड्यांवरची फुलं. पाऊस पडला की त्या उघड्या कातळावर ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात जे काही उगवतं आणि फुलतं, त्याची मोजदाद. हंगाम वर्षातून एकदाच येतो. एक चुकला की पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं. तिचे अजून दोन हंगाम बाकी होते.

त्या हिवाळ्यात जोजिला बंद झाल्यावर मला मुलाचे वेध लागले. का लागले, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. मी एवढंच म्हणायचो, "वय होत चाललंय, आईबाबा थकत चाललेत, सगळ्या कोर्समेट्सना झाली." ती म्हणायची, "आत्ता नको." फोन आठवड्यातून दोनदा, दहा-बारा मिनिटांचा, तोही मागे रांग उभी असताना. एवढ्या वेळात माझं 'का नको' आणि तिचं 'सांगितलं ना' यापलीकडे काहीच होत नसे.

मग मी एक फौजी काम केलं. आम्हाला कॅडेट असल्यापासून 'अप्रिसिएशन' लिहायला शिकवतात. आधी उद्दिष्ट, मग त्यावर परिणाम करणारे घटक, मग उपलब्ध पर्याय, प्रत्येकाचे फायदेतोटे आणि शेवटी योजना. मी बंकरमध्ये कंदिलाशेजारी बसून चार पानी अप्रिसिएशन लिहिलं. उद्दिष्ट: डिसेंबर 2013 पूर्वी पहिलं अपत्य. घटक: दोघांची वयं, माझी पुढची पोस्टिंग, तिची पीएचडी, आईची मदत. पर्याय तीन. योजना एक. मला ते फार समतोल वाटलं होतं. टपालाने पाठवून दिलं.

तीन आठवड्यांनी तेच कागद परत आले. तिने काही खोडलं नव्हतं. फक्त पहिल्या ओळीखाली लाल शाईने लिहिलं होतं, "उद्दिष्ट कुणी ठरवलं?"

तेव्हा मला राग आला. पण तिने बरोबर तिथेच बोट ठेवलं होतं. अप्रिसिएशनमध्ये उद्दिष्ट वरून मिळतं. वरिष्ठ कमांडर ते देतो आणि आपण फक्त ते कसं गाठायचं हे ठरवतो. मी कमांडरच्या जागी स्वतःला बसवलं होतं आणि तिला 'घटक' या मथळ्याखाली, हवामान आणि रस्त्यांच्या रांगेत. मूल हवं की नको हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. तो सुटला आहे असं धरून मी फक्त 'कधी' एवढंच लिहिलं होतं.

मार्चमध्ये तीस दिवसांची सुट्टी मिळाली. घरी पोचल्यावर चौथ्या दिवशी वाद झाला आणि मी म्हणालो, "एकतीस डिसेंबरपर्यंत ठरव. नाहीतर मला आपल्या दोघांबद्दल विचार करावा लागेल."

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना म्हणाली, "ठीक आहे. होऊ दे मूल."

मला जिंकल्यासारखं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. उरलेले दिवस ती नीट वागली. वाद नाही, रुसवा नाही. फक्त तिच्या टेबलावरच्या फील्डच्या वह्या माळ्यावर गेल्या. मी ते पाहिलं आणि काही विचारलं नाही.

मी वर पोचलो आणि पंधरा दिवसांत तिचं पत्र आलं. ते माझ्याकडे अजून आहे. त्यातला मजकूर असा होता, की मी हो म्हटलं ते मूल हवं म्हणून नाही, तू जाशील या भीतीने म्हटलं. अशा होकारावर मूल जन्माला घालणं मला त्याच्यावर अन्याय वाटतो. म्हणून तो होकार मी परत घेते आहे. माझं उत्तर 'नाही' नाही. माझं उत्तर मलाच अजून सापडलेलं नाही. तू मुदत घातलीस त्या दिवसापासून मी ते शोधणंही बंद केलं.

शेवटचं वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं. मुदत घातली की समोरचा माणूस मुलाचा विचार करत नाही. तो लग्न टिकेल का याचा विचार करतो. प्रश्नच बदलतो. उत्तर कुठलंही आलं तरी ते त्या दुसऱ्या प्रश्नाचं असतं. हो आलं तर त्यात भीती असते, नाही आलं तर त्यात चीड असते. मूल हवं की नको, हे आपल्याला कळलेलं नसतंच.

इथपर्यंत ऐकून मेजर म्हणाला, "पण सर, मग काय करायचं? नुसतं थांबायचं?"

नुसतं थांबलो असतो तर तीही एक प्रकारची मुदतच झाली असती, फक्त उलट बाजूने. वय वाढत राहतं आणि न बोलताच 'नाही' ठरून जातं. आम्ही पुढच्या काही महिन्यांत जे केलं ते साधं होतं, पण ते ठरवून केलं.

पहिलं म्हणजे हा विषय फोनवरून काढून टाकला. फोनवर फक्त खुशाली. मुलाबद्दल जे काही असेल ते पत्रात. पत्र लिहायला वेळ लागतो, पोचायला त्याहून जास्त. तोपर्यंत राग उतरलेला असतो आणि कारण तेवढं उरतं.

दुसरं तिने सुचवलं. मी तिची बाजू लिहायची, तिने माझी. ती वाचून समोरच्याने 'हो, हेच' म्हणेपर्यंत पुन्हा लिहायची. मला वाटलं, यात काय अवघड आहे. मी लिहिलं, "तुला आधी पीएचडी पूर्ण करायची आहे." तिने परत पाठवलं, "अर्धवट." दुसऱ्यांदा लिहिलं, "तुला करिअर महत्त्वाचं वाटतं." परत आलं, "हे तर वर्तमानपत्रातलं वाक्य आहे." चौथ्या वेळी मी तिला आठवत बसलो. आमच्या रेजिमेंटच्या फॅमिली क्वार्टर्समध्ये ती सहा महिने राहिली होती. शेजारची बाई तापाने फणफणलेलं बाळ घेऊन रात्री दोन वाजता एकटी एमएचला गेली होती, कारण नवरा फील्डमध्ये. माझी बायको तिच्याबरोबर गेली होती. मी लिहिलं, "तुला मूल नको आहे असं नाही. तुला ते एकटीने वाढवायची भीती वाटते आणि माझ्या नोकरीत ती भीती खरी आहे. एकदा सडे सुटले की परत मिळणार नाहीत, हेही तुला माहीत आहे." त्यावर 'हो, हेच' आलं.

तिने माझी बाजू दुसऱ्याच प्रयत्नात बरोबर लिहिली. त्या हिवाळ्याआधी आमच्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला होता. त्यानंतर मी माझे नॉमिनेशनचे कागद नव्याने भरले होते आणि वारसाच्या रकान्यात तिच्या नावाखाली काही नाही, हे मला लागलं होतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने लिहिलं, "तुला मूल हवं आहे हे खरं. पण आत्ताच हवं आहे, त्याचं कारण तुला मरणाची भीती वाटते आहे." मी ते वाचून बाहेर जाऊन उभा राहिलो.

या दोन कागदांनंतर वाद संपला नाही, पण तो दुसऱ्या गोष्टींवर आला. एकटीने वाढवण्याची भीती असेल तर प्रश्न तारखेचा नव्हता, त्या तारखेला मी कुठे असेन याचा होता. आणि माझ्या मरणाच्या भीतीवर बाळ हे औषध नव्हतं. ती भीती मलाच सांभाळायची होती.

तिसरी गोष्ट माहितीची. घाई आणि चालढकल दोन्ही अर्धवट माहितीवर वाढतात. पुढच्या सुट्टीत आम्ही दोघं एका डॉक्टरबाईंकडे गेलो, लष्करी वैद्यकीय सेवेतल्याच होत्या. मी विचारलं, "पस्तिशीपर्यंत वेळ आहे ना?" त्या म्हणाल्या, "पस्तिशी म्हणजे भिंत नाही, उतार आहे. तिशीपासून हळूहळू, पस्तिशीनंतर जरा वेगाने." पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर प्रयत्न करून मग तपासणीला या, पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच या, असं त्यांनी सांगितलं. बायकोने एएमएच या रक्तचाचणीबद्दल विचारलं. त्यांचं उत्तर मला आवडलं. ती चाचणी बीजांच्या साठ्याचा अंदाज देते, पुढच्या वर्षी दिवस राहतील की नाही हे सांगत नाही. आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका आणि कमी आला म्हणून घाबरून निर्णय घेऊ नका. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या वेळा पुरुषाकडचं कारण असतं किंवा त्याचा वाटा असतो, तेव्हा 'तिचं वय' हा शब्द जरा जपून वापरा. तोवर माझ्या चारही पानांत मी स्वतःच्या शरीराबद्दल एक ओळ लिहिली नव्हती.

मग आम्ही तारीख ठरवली: 15 ऑक्टोबर 2013. मेजर लगेच म्हणाला, "म्हणजे मुदतच की सर." नाही. मुदत संपली की शिक्षा सुरू होते. आमच्या तारखेला फक्त समोरासमोर बसायचं होतं. काय बदललं ते सांगायचं आणि गरज पडली तर पुढची तारीख घ्यायची. तारीख तिच्या फुलांच्या हंगामानंतरची होती आणि तोपर्यंत माझी फील्डची मुदत संपून पुढची पोस्टिंग लागणार होती. मधल्या काळात रोज उठून हा विषय काढायचा नाही, हे माझं वचन. आणि त्या दिवशी विषय टाळायचा नाही, हे तिचं.

मधल्या काळात दोन माणसांना आवरावं लागलं. एक माझी आई. तिला वाटे की सूनबाईच टाळते आहे. ते तिच्याशी बोलणं माझं काम होतं, बायकोचं नाही. मी म्हणालो, "आई, थांबायचं आम्ही दोघांनी ठरवलंय. विचारायचं तर मला विचार." आई म्हणाली, "अरे, पण दिवस काय थांबतात का?" मी म्हणालो, "नाही थांबत. ते धरूनच ठरवलंय." ती महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होती, पण सुनेला विचारणं बंद झालं.

दुसऱ्या माझ्या एक आत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "काळजी घेणं सोडून द्या. एकदा राहिलं की आपोआप माया लागते." हा सल्ला फार घरांत दिला जातो आणि तो ऐकायला मायेचा वाटतो. पण ती मुदतीपेक्षा वाईट गोष्ट आहे. मुदत निदान तोंडावर सांगितली जाते. थांबायचं दोघांनी ठरवलं असेल तर त्याची काळजी घेणंही दोघांचं काम आहे, एवढंच मी त्यांना म्हणालो.

15 ऑक्टोबरला मी सुट्टी घेऊन आलो. तिचा शेवटचा हंगाम दोन आठवड्यांपूर्वी संपला होता. माळ्यावरच्या वह्या केव्हाच परत टेबलावर आल्या होत्या. मला बेळगावला इन्स्ट्रक्टर म्हणून पोस्टिंग लागली होती. दोन-अडीच वर्षं रोज घरी येता येईल अशी. ती मी मागून घेतली होती. दुसरी, नावाला जास्त चांगली जागा मिळण्याची शक्यता होती, ती सोडली. ती म्हणाली, "आता मला हवं आहे. आणि भीती अजून आहे." मी म्हणालो, "मलाही."

यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. 2014 च्या उन्हाळ्यात दिवस राहिले आणि नवव्या आठवड्यात गेले. डॉक्टरांनी समजावलं, की इतक्या लवकर गेलेल्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास वेळा गुणसूत्रांतला दोष हे कारण असतं. धावपळ केली, वजन उचललं, उशीर केला, असं शोधत बसू नका. पण रात्री माझ्या मनात तेच आलं. दोन वर्षांपूर्वी सुरुवात केली असती तर?

ते वाक्य मी उच्चारलं नाही. चांगुलपणा म्हणून नाही, उच्चारायला मला जागाच नव्हती. थांबण्याचा निर्णय माझाही होता. उतार कसा असतो हे मीही डॉक्टरांकडून ऐकलं होतं आणि तारखेच्या कागदावर माझी सही होती. मुदत घालून तिला हो म्हणायला लावलं असतं तर त्या रात्री तिने मला दोष दिला असता. तिने मला निव्वळ अडवून थांबवलं असतं तर मी तिला दिला असता. निर्णय दोघांचा होता म्हणून ते दुःखही दोघांचं राहिलं.

मुलगी 2015 च्या ऑक्टोबरमध्ये झाली. बायको तेव्हा तेहतीस वर्षांची होती. प्रबंध त्याआधी देऊन झाला होता.

मेजर म्हणाला, "सर, तुमचं जमलं. तुमच्या मॅडमचं 'आत्ता नको' होतं. माझ्या घरी 'नकोच' असेल तर?"

हा प्रश्न योग्य होता. 'कधी' यावर मध्यम मार्ग निघतो. 'हवं की नको' यावर निघत नाही, कारण अर्धं मूल होत नाही. हे मला दुसऱ्या मुलाच्या वेळी कळलं. मला दुसरं हवं होतं. 2018 मध्ये आम्ही पुन्हा त्याच पद्धतीने बसलो, एकमेकांची बाजू लिहिली, तारीख घेतली, पुन्हा बसलो. तिचं उत्तर पक्कं 'नाही' होतं आणि त्यामागे कुठली सोडवता येण्यासारखी भीती नव्हती. तिला एकच मूल हवं होतं, इतकंच. मग मला स्वतःला विचारावं लागलं, की दुसरं मूल नसलेलं हे घर मला चालेल का? चालेल, असं उत्तर आलं. मी तिला सांगितलं, "मला वाईट वाटणार आहे आणि ते मी लपवणार नाही. पण त्याचा हिशोब तुझ्याकडे मागणार नाही." अजूनही कुणाची दोन भावंडं भांडताना दिसली की आत काहीतरी हलतं. ते तिला माहीत आहे.

"आणि उत्तर 'चालणार नाही' असं आलं असतं तर?" त्याने विचारलं.

"तर तेही सांगावं लागलं असतं," मी म्हणालो. काही जणांना मूल नसलेलं आयुष्य खरंच पेलत नाही आणि काही जणांना मूल पेलत नाही. दोघंही वाईट नसतात. अशी दोघं एकमेकांपासून दूर झाली तर मला तो पराभव वाटत नाही. पण 'मला हे पेलणार नाही, हे मला आत्ता कळलं' असं सांगणं वेगळं आणि 'दिवाळीपर्यंत बदल, नाहीतर जातो' असं सांगणं वेगळं. पहिल्यात आपण स्वतःबद्दल एक खरी गोष्ट समोर ठेवतो आणि तिला विचार करायला मोकळं सोडतो. दुसऱ्यात आपण तिचं उत्तर आधीच ठरवलेलं असतं. मी त्याला एवढंच विचारलं, "तिला नको आहे, त्याचं कारण तू तिच्या शब्दांत सांगू शकतोस का?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तिचं करिअर..." आणि स्वतःच थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता उघडला. निघताना त्याने माझ्याकडे कोरी वही मागितली. माझ्याकडे जुन्या वर्षाची डायरी होती, ती दिली. सुट्टीवरून तो अजून परतलेला नाही. चार दिवसांपूर्वी त्याचा निरोप आला: "सर, दिवाळीची तारीख काढून टाकली. तिची बाजू तीनदा लिहिली. तिन्ही वेळा नापास."

मी उत्तर पाठवलं, "मी चौथ्यांदा पास झालो होतो."